काही आलं नाही तर ‘नाही’ समजेन

2024चा जून. सकाळची ठाण्याहून पनवेलला जाणारी लोकल. दिघा गाव मागे पडलं होतं, ऐरोली यायची होती. अकाउंट्समधल्या ताई आणि मी समोरासमोर बसलो होतो. मुलांच्या अॅडमिशनवरून बोलणं निघालं आणि ताई सहज म्हणाल्या, “फेब्रुवारीत तुझी ती सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं केली ना मी, शेवटची चार रात्री साडेअकरापर्यंत बसून केली. आमच्याकडे दहावी होती ना या वर्षी.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी मात्र गप्प झाले. थोड्या वेळाने विचारलं, “ताई, मग तुम्ही तेव्हाच नाही का म्हणाला नाहीत?”

“म्हटलं होतं की,” त्या म्हणाल्या. “‘बघते’ म्हटलं होतं.”

रबाळे आलं, आम्ही उतरलो. स्टेशनबाहेरून कंपनीपर्यंत शेअर रिक्षाने जाताना आणि नंतर दिवसभर ते एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण खरंच त्या ‘बघते’ म्हणाल्या होत्या, आणि मी ते ‘हो’ म्हणून ऐकलं होतं.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका रंग बनवणाऱ्या कारखान्यात सेफ्टी विभागात काम करते. आमच्या विभागात आम्ही दोघं-तिघंच असतो, त्यामुळे दुसऱ्या विभागातल्या माणसांपुढे शब्द टाकल्याशिवाय आमचं एकही काम पुरं होत नाही. 4 मार्चपासून सुरक्षा सप्ताह असतो. त्यासाठी हाताने लिहिलेली पोस्टरं हवी होती आणि ताईंचं अक्षर मोत्यासारखं आहे. मी कँटीनमध्ये जेवणाच्या टेबलावर त्यांना विचारलं होतं. शब्द मला अजून आठवतात: “ताई, एक छोटंसं काम होतं. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. चार-पाच पोस्टरं फक्त. घाई नाहीये, पण सप्ताहाच्या आधी मिळाली तर बरं. कराल ना?”

बोलताना मला वाटत होतं की मी अगदी नम्रपणे विचारते आहे. आता तीच वाक्यं एकेक करून पाहते तेव्हा दिसतं की प्रत्येक वाक्याने ताईंचा एकेक रस्ता बंद केला होता. ‘छोटंसं’ म्हटल्यावर, नाही म्हणणारी बाई एवढंही करत नाही असं ठरणार. ‘तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही’ हे ऐकायला कौतुक, पण त्याचा अर्थ असा की तुम्ही नाही म्हणालात तर काम अडलं, आणि ते तुमच्यामुळे अडलं. ‘घाई नाहीये, पण’ यातल्या ‘पण’नंतरची तारीखच खरी होती. ‘कराल ना’ या ‘ना’मध्ये उत्तर मी आधीच भरून दिलं होतं. आणि टेबलावर आणखी चौघं बसली होती. त्यांच्यादेखत, वरणभात कालवता कालवता, मार्चअखेरच्या तोंडावर अकाउंट्समधल्या बाईने काय म्हणायचं होतं? जे कुठलाही भिडस्त मराठी माणूस म्हणतो, तेच त्या म्हणाल्या.

‘बघते’ या शब्दाला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे समोरच्याचा शब्द मोडणं. म्हणून नकारासाठी आपण वेगळे शब्द ठेवले आहेत: ‘बघतो’, ‘बघूया’, ‘वेळ मिळाला तर करते’, ‘जरा या आठवड्यात गडबड आहे’. आईला, मावशीला, शेजारणीला हे शब्द बरोबर कळतात, कारण तिथे विचारणारीला नकाराची तयारी असते. ऑफिसात विचारणाऱ्याला काम हवं असतं, म्हणून त्याच्या कानावर ‘बघतो’ पडतं आणि मनात ‘हो’ उमटतं. दोन दिवसांनी तो विचारतो, “काय, झालं का?” त्या क्षणी ‘बघतो’ म्हणणारा अडकतो. आता नाही म्हणावं तर दोन दिवस फुकट घालवल्याचा दोष येतो. मग तो रात्री जागतो.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोन अमेरिकन संशोधकांनी 2008मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणा, आणि निघण्याआधी अंदाज सांगा की त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल. अंदाज सरासरी 20च्या आसपास आला. प्रत्यक्षात 10-11 जणांना विचारल्यावर काम झालं. मदत मागायला लाजू नका, लोक चांगले असतात, असं सांगण्यासाठी हा प्रयोग नेहमी वापरतात. पण संशोधकांनी दिलेलं कारण वेगळं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. विचारणारा समोरच्याला किती त्रास पडेल याचा हिशेब करतो. तोंडावर नाही म्हणणं किती अवघड आहे याचा करत नाही. म्हणजे जे जास्तीचे होकार मिळतात त्यातले काही मनापासून असतात आणि काही केवळ नकार देता न आल्यामुळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ताईंची पोस्टरं सुंदर झाली होती. त्यांच्याकडे पाहून मला काहीही कळलं नसतं.

जुलैत मला पुन्हा शब्द टाकायचा होता, आणि या वेळी पोस्टरांपेक्षा जोखमीच्या गोष्टीसाठी.

आमच्याकडे टोल्युइनसारखे सॉल्व्हंट 200 लिटरच्या लोखंडी ड्रममधून लहान डब्यांत काढले जातात. द्रव नळातून वाहताना त्यात स्थिर वीज साठते. ड्रम आणि डबा तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेले नसतील तर एखादी ठिणगी पडू शकते. टोल्युइनची वाफ पेट घेण्यासाठी 4 अंश सेल्सिअस तापमानही पुरतं, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. या जागेवर तीन मराठी बोर्ड लावायचे होते: एक ड्रममधून सॉल्व्हंट काढण्याचा, एक सांडलं तर काय करायचं याचा, आणि एक गॅस सिलिंडर ठेवण्याचा. सूचना कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायच्या हे तर तेव्हाच्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं. इंग्रजी मजकूर तयार होता. मी त्याचं मराठी केलं, आणि वाचून पाहिलं तेव्हा माझं मलाच कळलं की हे ड्रमवरच्या माणसाचं मराठी नाही. पण नेमकं कुठे चुकतंय ते दिसेना.

ते दिसेल असा माणूस एकच होता, स्टोअरमधले दादा. वीस-बावीस वर्षं ते ड्रम उतरवून घेतात, मोजतात, आत सोडतात. कंत्राटी पोरं त्यांच्याशीच बोलतात. पण सेफ्टीचे बोर्ड वाचणं हे त्यांचं काम नाही. त्यांच्या कामाच्या यादीत ते नाही, पगारात नाही, आणि वर्षअखेरी त्यांचे साहेब त्यांचं काम जोखतील तेव्हा त्यात ते धरलंही जाणार नाही. त्यांनी मला दिलेला प्रत्येक तास त्यांच्या स्वतःच्या कामातून कापला जाणार होता. हे मी फेब्रुवारीत ताईंच्या बाबतीत मनात आणलंच नव्हतं.

म्हणून या वेळी विचारण्याआधी मी चार दिवस घेतले. त्यातला बराचसा वेळ काम लहान करण्यात गेला. मुळात माझ्या तोंडावर येत होतं, “दादा, जरा हे सगळं बघून घ्या.” यातलं ‘सगळं’ म्हणजे किती आणि ‘बघणं’ म्हणजे काय, हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो. मग तो एक तर घाबरतो, नाही तर गरजेपेक्षा दुप्पट करतो. मी स्वतःला विचारलं की या कामातला कोणता तुकडा फक्त दादाच करू शकतात. भाषांतर मी करू शकत होते, तांत्रिक बाजू आमचे सेफ्टी ऑफिसर तपासणार होते, टायपिंग आणि छपाई बाहेर होणार होती. उरलं ते एवढंच: कामगार कुठे अडखळेल ते दाखवणं. म्हणजे पेनने गोल करणं. वाक्य दुरुस्त करणंही नाही.

मग वेळ मोजला. आमच्याच विभागातल्या मुलाला एक पान दिलं आणि सांगितलं, अडेल तिथे गोल कर. त्याला 12 मिनिटं लागली. तो रोज हेच शब्द वाचतो, म्हणून मी दादांसाठी 20 मिनिटं धरली. ‘दोन मिनिटांचं काम’ हा शब्दप्रयोग मी त्या दिवसापासून सोडला. ज्याने दोन मिनिटं म्हणून अर्धा तास घेतला, त्याच्या पुढच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन मिनिटांसाठी नाही म्हणता येत नाही. वीस मिनिटांसाठी म्हणता येतं.

तारखाही पाहिल्या. 30 जूनला तिमाही संपते, पहिला आठवडा स्टॉक मोजण्यात जातो. सकाळी साडेनऊ ते बारा गाड्या लागलेल्या असतात. दुपारी अडीचनंतर तासभर स्टोअर शांत असतं. 8 जुलैला सोमवार होता. बोर्ड छापायला 25 तारखेला द्यायचे होते. मी दादांसाठी 18 तारीख ठरवली. मधला आठवडा माझा, म्हणजे नकार आला तरी दुसरी सोय करायला वेळ राहील.

दुसरी सोय खरोखर असायला हवी, हे मला इथे थांबून सांगायचं आहे, कारण बहुतेकांचं विचारणं इथेच पोकळ होतं. ‘नाही जमलं तरी चालेल हं’ असं आपण सगळेच म्हणतो. पण नाही जमलं तर काय होणार, हे आपल्यालाच माहीत नसतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते बरोबर जाणवतं. मी आधी जाऊन पॅकिंगच्या सुपरवायझरांशी बोलून ठेवलं होतं की गरज पडली तर त्यांच्या शिफ्टच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं पोरांना मजकूर वाचून दाखवीन आणि चेहरे बघत जाईन. दादांइतकं बारीक त्यातून निघालं नसतं, पण चाललं असतं.

सगळ्यात अवघड प्रश्न होता तो स्टोअरच्या साहेबांचा. त्यांना न सांगता दादांना विचारलं, तर उद्या कोणी दादांनाच म्हणेल की सेफ्टीची कामं करत बसलात का. आणि साहेबांना आधी सांगितलं तर साहेब हाक मारून सांगणार, “अरे, मॅडमचं काम आहे, करून टाका.” मग ते विचारणं राहत नाही, तो हुकूम होतो, आणि तो माझ्या नावाने जातो. मी साहेबांकडे गेले आणि एवढंच विचारलं, “तुमच्या विभागातल्या कुणी दुपारच्या वेळात मिळून तासभर माझ्यासाठी दिला, तर तुमची हरकत आहे का? कोणाला विचारायचं ते मी बघते. ते हो म्हणाले तरच तुम्हाला सांगेन. नाही म्हणाले तर तुम्हाला कळणारही नाही, आणि तुम्ही विचारू नका, ही विनंती.” ते म्हणाले, “तासाभराचं काय, घ्या की.” स्टोअरमध्ये तिघंच आहेत, तेव्हा त्यांना अंदाज आलाच असेल. पण त्यांनी नाव विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. परवानगी झाली होती आणि दादांच्या नकाराची जागाही शाबूत होती.

आता विचारायचं कसं. समोरासमोर विचारलं तर होकार मिळण्याची शक्यता ईमेलपेक्षा कितीतरी जास्त असते. 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अनोळखी लोकांना विचारताना, हा फरक 34 पटींचा निघाला होता. हा आकडा वाचून कोणी म्हणेल, मग समोरच विचारा. मला त्यातून उलटं सुचलं. समोर होकार जास्त मिळतो याचं एक कारण असं की डोळ्यांत डोळे घालून नाही म्हणवत नाही. मला होकार हवाच होता, पण फेब्रुवारीसारखा नको होता. पूर्ण कोरडेपणाने व्हॉट्सअॅपवर टाकणंही बरं वाटेना. ज्यांना रोज ‘दादा’ म्हणून हाक मारते, त्यांना मेसेजवर काम सांगायचं? म्हणून मी दोन्हीचा मेळ घातला. सोमवारी दुपारी, स्टोअरमध्ये दुसरं कोणी नसताना गेले. म्हणाले, “दादा, एका कामाबद्दल विचारायचं आहे, त्याचा कागद ठेवते. उत्तर आत्ता देऊ नका. वाचा आणि शुक्रवारपर्यंत कळवा.” आणि लगेच निघाले. चहा घ्या म्हणाले, तरी थांबले नाही, कारण चहा पिता पिता त्यांनी हो म्हटलं असतं.

कागदावर हे लिहिलं होतं:

“दादा, नमस्कार. सॉल्व्हंट आणि सिलिंडरच्या जागी तीन मराठी बोर्ड लावायचे आहेत. मजकूर मी लिहिलाय, पण ड्रमवरचा माणूस तो वाचताना कुठे अडखळेल हे मला कळत नाही, तुम्हाला कळेल.

काम एवढंच: सोबतच्या पानांवर जिथे अडखळायला होईल तिथे पेनने गोल करायचा. दुरुस्ती मी करेन. एका पानाला साधारण 20 मिनिटं. तीन पानं आहेत. एकच पाहिलंत तरी उपयोग होईल, हवं ते निवडा. 18 तारखेपर्यंत, कामाच्या वेळेतच. घरी न्यायचं नाही. साहेबांना मी सर्वसाधारण विचारून ठेवलंय, तुमचं नाव घेतलेलं नाही.

बोर्डाची जबाबदारी माझी आणि सेफ्टी ऑफिसरांची. काही चुकलं तर तुमच्यावर येणार नाही.

नाही जमलं तर मी पॅकिंगच्या शिफ्ट मीटिंगमध्ये वाचून घेईन, तसं बोलणं झालंय. शुक्रवारी 12 तारखेपर्यंत व्हॉट्सअॅपवर ‘हो’ एवढंच पाठवा. काही आलं नाही तर ‘नाही’ समजेन आणि पुन्हा विचारणार नाही.”

शेवटच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी लिहिलं होतं, “हो किंवा नाही, जे असेल ते कळवा.” मग लक्षात आलं की यातही दादांना ‘नाही’ टाइप करावं लागेल, आणि तेच त्यांच्याकडून होणार नाही. त्याऐवजी ‘बघतो मॅडम’ येईल आणि आम्ही दोघं पुन्हा फेब्रुवारीत जाऊ. म्हणून गप्प राहणं म्हणजेच नकार, असं मी आधीच ठरवून दिलं. आता नाही म्हणण्यासाठी त्यांना काहीच करायचं नव्हतं. शुक्रवार निघून गेला की झालं. कॉरिडॉरमध्ये मी भेटले तरी विषय निघणार नव्हता. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी स्टोअरच्या बाजूला फिरकलेही नाही. गेले असते तर माझं नुसतं दिसणंसुद्धा ‘काय, ठरलं का?’ असं विचारणं झालं असतं.

गुरुवारी संध्याकाळी मेसेज आला: “१ व २ हो. ३ नको.”

माझी बोटं लगेच ‘का हो दादा?’ लिहायला निघाली होती. ते लिहिलं नाही. ‘का’ विचारणं म्हणजे नकाराचा हिशेब मागणं. समोरच्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की त्यावर उपाय सुचवायचा मोह आपल्याला होतो. मी लिहिलं, “खूप आभार दादा. 1 आणि 2. तिसऱ्याची सोय करते.” त्यांना तिसरं का नको होतं ते मी नंतरही विचारलं नाही.

पहिलं पान त्यांनी मंगळवारी परत केलं. गोल तर होतेच, बाजूला बारीक अक्षरात शब्दही होते. माझं मूळ वाक्य असं होतं: “ग्रहण पात्र ड्रमशी विद्युतदृष्ट्या जोडल्याखेरीज द्रव काढण्यास प्रारंभ करू नये.” ‘ग्रहण पात्र’भोवती गोल आणि बाजूला ‘डबा’. ‘विद्युतदृष्ट्या जोडल्याखेरीज’ याच्याभोवती दोनदा गोल होता. मी कागद घ्यायला गेले तेव्हा दादांनी सांगितलं की त्यांनी हे वाक्य यार्डातल्या एका नव्या पोराकडून मोठ्याने वाचून घेतलं होतं, आणि तो म्हणाला, “म्हणजे ड्रमला लाइट जोडायची?”

मी तिथेच उभी राहिले. आग टाळायला लिहिलेलं वाक्य वाचून कोणी ड्रमला वायर जोडायला गेला असता. मी ते वाक्य दहा वेळा वाचलं होतं, सेफ्टी ऑफिसरांनी वाचलं होतं, आणि आम्हा दोघांनाही ते दिसलं नव्हतं, कारण आम्हाला त्याचा इंग्रजी अर्थ आधीच माहीत होता.

त्यावरून शेवटी बोर्डावर आलं ते असं: “आधी क्लिप, मग नळ. क्लिप रंगावर लावू नका, पत्रा खरवडून उघड्या लोखंडावर लावा. डबा भरला की आधी नळ बंद, मग क्लिप काढा.”

दादांना त्या पानाला वीस नव्हे, पस्तीस मिनिटं लागली होती, त्या पोराला शोधायला गेले म्हणून. आपण सांगितलेल्यापेक्षा माणूस जास्त करू लागला की फार बरं वाटतं, आणि तेव्हाच जपायला हवं. मी म्हणाले, “दादा, मी वीस मिनिटं म्हटलं होतं, माझा अंदाज चुकला. दुसरं पान इथेच सोडलंत तरी चालेल.” त्यांनी दुसरंही केलं. त्यांचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, तरी मी ‘आता एवढं केलंच आहे तर’ असं म्हणून तिसरं पान पुढे केलं नाही. पहिल्या होकाराच्या आडून दुसरं काम सरकवणं, हे एकदाही केलं तर पुढच्या वेळी माणूस कागद हातात घेण्याआधीच सावध होतो.

या बोर्डांबद्दलच्या बैठकीत साहेबांसमोर त्यांचं नाव घ्यायचं का, हेही मी आधी त्यांनाच विचारलं. काहींना ते आवडतं. काहींना नको असतं, कारण मग बाकीचे विभागही रांग लावतात. दादा म्हणाले, “नाव नको, पण साहेबांना कळलं तर बरं.” म्हणून मी साहेबांना एकट्यांना गाठून सांगितलं, त्या पोराच्या लाइटच्या प्रश्नासकट.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही, हेही तितकंच खरं. मी जर दादांची साहेब असते, तर कागदावर काहीही लिहिलं तरी त्यांनी हो म्हटलं असतं. वरच्या माणसाने दिलेली मोकळीक खालच्या माणसाला मोकळीक वाटत नाही, तिथे काम सरळ नेमून द्यावं आणि त्यासाठी दुसरं काहीतरी कमी करावं. जे काम झालंच पाहिजे आणि दुसरी कोणतीच सोय नाही, ते असं मैत्रीत मागूच नये. ते दोन्ही साहेबांनी बसून ठरवावं. आणि एकाच माणसाकडे आपण तिसऱ्यांदा तेच काम घेऊन चाललो असू, तर ती मदत उरलेली नाही. डिसेंबरात नवे बोर्ड निघाले तेव्हा मी दादांकडे गेले नाही. दोन्ही साहेबांशी बोलून ‘मराठी मजकूर तपासणी, महिन्याला दोन तास’ असं त्यांच्या कामाच्या यादीत लिहून घेण्याबद्दल विचारलं, अर्थात दादांना हवं असेल तर. दादा हो म्हणाले, या वेळी लगेच.

ताईंकडे मी सुरक्षा सप्ताहासाठी पुन्हा गेले नाही. पण त्या गाडीतल्या गप्पांनंतर आठवड्याभरात त्यांना एवढं सांगितलं की फेब्रुवारीत मी तुम्हाला नाही म्हणायला जागा ठेवली नव्हती, ते चुकलं. त्या म्हणाल्या, “अगं, झालं ते झालं.” नंतर घणसोली-रबाळेच्या रिक्षावाल्यांवरून आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.

तिसरं पान मी ठरल्याप्रमाणे पॅकिंगच्या शिफ्ट मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. सकाळचे सात, बाहेर पाऊस, समोर वीस-पंचवीस जण, निम्मे झोपेत. कोणी अडखळलं नाही, निदान तसं कोणी दाखवलं नाही. बोर्ड छापून आला आणि सिलिंडरच्या पिंजऱ्यावर लागला. त्यावर एक ओळ होती: “सिलिंडर हलवण्याआधी झडपेवर टोपी बसवा.” सप्टेंबरमध्ये फेरीवर असताना पाहिलं तर कोणीतरी मार्करने ‘झडपेवर’ खोडून वर ‘वॉलवर’ लिहिलं होतं, आणि ‘टोपी’ खोडून ‘कॅप’. अक्षर मला ओळखता आलं नाही. बोर्डावर लिहिल्याबद्दल कोणाला बोलावं लागू नये म्हणून मी तिथेच फोटो काढला, आणि नवा बोर्ड त्या दोन शब्दांसह छापायला दिला.